तोंड मिटलं की निळी

लढाईच्या दिवसांत माझी थोरली लेक जन्मली. तेव्हा मी कडावच्या आसपास बैल घेत-विकत होतो. हातात काही नसताना सुरू केलेला धंदा होता, आणि माझ्याशी सौदा करायचा म्हणजे सकाळ गेली असं लोक म्हणत. पण ते पहिले दोन दिवस आठवले की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. कापणी झालेल्या खाचरांवर धुकं बसलेलं, खोलीत शेकाचा धूर, आणि त्या धुरात माझ्या बायकोच्या मांडीवर मूठभर लेक.

ती रडायला लागली की गुलाबी व्हायची. छातीला लावली की चार घोट घ्यायची, तडफडायची, आणि तिचे ओठ जांभळाच्या रसात बुडवल्यासारखे व्हायचे. मग छाती सोडून टाहो फोडायची आणि पुन्हा गुलाबी.

गावची सुईण जाणती बाई. माझाही जन्म तिच्याच हातचा. ती म्हणे, "रडवू नको गं तिला, दमतंय लेकरू. उगी कर." सगळ्या बायका उगी करायला धावत. मुलगी गप्प झाली, तोंड मिटलं, की निळी. घाबरून हलवली की रडे, आणि रंग परत आला की सगळ्यांना इतकं बरं वाटे की पुन्हा तिला गप्प करत. मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. दोन दिवस आम्ही सगळे मिळून मायेनं तिचा श्वास कोंडत होतो. हे मला आज कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपून कर्जत गाठलं. वाटेत रंग जाऊ नये म्हणून बायको तिला मुद्दाम रडवत होती आणि स्वतःही रडत होती. धुक्यात पुढचे बैल दिसत नव्हते, नुसत्या घुंगरांच्या मागून आम्ही चाललो होतो.

डॉक्टर कर्जतच्याच जुन्या, शिकलेल्या घराण्यातला. त्यानं नळी लावून छाती ऐकली आणि सांगितलं की हृदय कच्चं आहे. शांत ठेवा, रडू देऊ नका, बाकी देवाच्या हाती.

मी उठलो नाही. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, खोंडाचा दम कच्चा असला तर तो पळवल्यावर कळतो. ही रडते तेव्हाच तर चांगली असते. गप्प राहिली की जाते. मग दोष छातीत कसा?"

"अहो, हा बैलबाजार नाही."

"बाजारात निदान जनावराच्या नाकापुढं हात तरी धरतात. तुम्ही धरलात?"

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण दारात माणसं थांबली. बायकोनं माझा सदरा ओढला. डॉक्टरचा चेहरा लाल झाला. मला खोटं पाडायलाच त्यानं एक बारीक रबरी नळी घेतली आणि मुलीच्या उजव्या नाकपुडीत सरकवली. बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी आत गेली आणि अडली. डावीकडून घातली. तिथंही अडली. मग त्यानं आरशाचा तुकडा नाकाखाली धरला. काच स्वच्छ राहिली.

त्यानं आरसा खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला की नाकाची मागची वाट जन्मतःच बंद आहे, दोन्ही बाजूंनी. एवढ्या लहान बाळाला तोंडानं श्वास घ्यायचं सुचत नाही. रडताना तोंड उघडतं म्हणून तेवढीच हवा मिळते, आणि दूध पिताना तीही वाट बंद होते.

त्यानं जाड रबरी नळीचा तुकडा तिच्या जिभेवर ठेवून चिकटपट्टीनं गालांना बांधला. मुलगी गप्प झाली आणि गुलाबीच राहिली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. दूध तोंडातूनच पोटापर्यंत दुसऱ्या बारीक नळीनं सोडलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळापर्यंत डॉक्टर स्वतः सोबत आला, ती तोंडातली नळी सबंध वाटभर बोटानं धरून. हे मला मान्य करावंच लागतं.

तिथं सर्जननं नाकातून अवजार घालून मागचा पडदा फोडला आणि दोन्ही वाटांत नळ्या बसवल्या. काही आठवडे त्या तशाच होत्या. नंतर वाट पुन्हा आवळली म्हणून एकदा रुंद करावी लागली.

पुढं डॉक्टर चारचौघांत सांगायचा की हे दुखणं आपण पाहताक्षणी ओळखलं. मी समोर असलो तरी सांगायचा. माझं नाव तर सोडाच, बैलांचा उल्लेखसुद्धा नाही. तो गेला तरी माझा तो राग गेलेला नाही. एक वाक्य मागत होतो मी त्याच्याकडं, आणि जन्मभर घासाघीस करूनही तेवढंच मिळालं नाही.

घरी आल्यावर लेक पोटभर प्यायची आणि तोंड घट्ट मिटून झोपायची. दुपारी उन्हाची पट्टी तिच्या अंगावरून सरकत जायची, घर शांत असायचं, आणि मला ती शांतता सोसायची नाही. मी तिच्या तळपायाला टिचकी मारायचो. ती किंचाळली की मला श्वास यायचा.

असं तीन-चारदा झाल्यावर बायकोनं माझा हात धरला. "आता निजू द्या हो तिला," ती म्हणाली. "गप हाय, पर बरी हाय."

मी हात काढून घेतला. खूप वेळ बसून राहिलो, ती गप्प असताना.