ओंडका, पलंग आणि बंब

कडुबा मिस्त्री तोंडाचा फटकळ, हे सिडकोपासून करमाडपर्यंत सगळ्यांना माहीत. एकदा एका गिऱ्हाइकानं "तुझं काम तर कुणीही करील" म्हटलं, तर यानं रंधा त्याच्या हातात दिला आणि स्वतः चहा प्यायला निघून गेला. तरी लोक त्यालाच बोलवायचे. कारण त्याचा भाव उघडा असे. लाकूड एवढं, सामान एवढं, मजुरी एवढी, तीन आकडे वेगवेगळे सांगायचा. ठोक भावात लबाडी लपते, असं त्याचं ठाम मत.

आणि त्याचा जुना संताप असा, की लाकडाच्या वखारीत कुणी तोंड उघडत नाही, बिजागरीच्या दुकानात मुकाट पैसे मोजतात, आणि घासाघीस करायची ती फक्त मजुरीवर. घाम तेवढा स्वस्त!

करमाडचे नानासाहेब नव्या बंगल्यात राहायला आले आणि शेताच्या बांधावरचं सागवान तोडून त्यांनी पलंग करायला घेतला. कडुबानं ओट्यावर बसून हिशेब सांगितला. "लाकूड तुमचं, त्याचा एक रुपया नाय. प्लाय, बिजागऱ्या, पेटीचं झाकण उचलायचे पंप, स्क्रू, फेविकॉल धरून साडेदहा हजार. ते दुकानदाराला तुम्हीच द्या. मजुरी माझी रोज अकराशे, माझ्या हाताखालच्या या धम्मपालची सातशे. बारा दिवस लागतील. एकवीस हजार सहाशे."

नानासाहेब हो म्हणाले. ओंडके मिलमध्ये चिरून आणले तेही त्यांनीच, टेम्पो भरून, साली-फळकुटांसकट. काम अंगणातच चाललं.

बाराव्या दिवशी पलंग उभा राहिला. नानासाहेब टेप घेऊन आले. पाय मोजले, पाट्या मोजल्या, माथ्याकडची फळी मोजली, आणि फाटकापाशी शेजारचे लोक उभे असताना मोठ्यानं म्हणाले, "मिलवर ओंडके चौदा घनफूट भरले होते. पलंगात आठच. माझं सहा घनफूट सागवान कुठं गेलं? दुकानात घनफुटाला तीन हजारानं मिळतं. अठरा हजार मजुरीतून वजा." आणि छत्तीसशे रुपये पलंगावर ठेवले.

धम्मपालनं मान खाली घातली. त्याच्या मुलीची फी त्या पैशांतून जायची होती. कडुबाची मात्र कानशिलं तापली. आयुष्यभर लोकांच्या घरात वावरला होता, उघड्या कपाटांसमोर एकटा बसून काम केलं होतं. चोर कुणी म्हटलं नव्हतं.

"नानासाहेब, ओंडका गोल असतोय, फळी चौकोनी. मिलवर कडा उडाल्या, करवतीनं भुसा केला, रंध्यानं ढलप्या काढल्या. वरून झाड कोवळं, सालीलगतचं लाकूड पांढरं. ते घातलं असतं तर दोन वर्षांत कीड लागली असती. अन् तीन हजार भाव चिरलेल्या लाकडाचा हाय! ही सगळी घट त्यात आधीच धरलेली असते. ओंडक्याला तो भाव लावता व्हय?"

"मला शिकवू नको. माल गेला कुठं, ते सांग."

तेवढ्यात घरातून नानासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई आल्या. बंगला बांधला तरी गिझरचं पाणी अंगाला लागत नाही म्हणून त्यांनी मागच्या बाजूला तांब्याचा बंब ठेवला होता.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"सहा घनफूट सागवान."

"अहो, रोज सकाळी डोक्यावर ओतून घेताय की! ही फळकुटं मिस्त्रीच रचून ठेवायचा, मीच बंबात घालत होते. जळण म्हणून गॅसपेक्षा लई चांगलं, हे परवा तुम्हीच म्हणाले. अजून निम्मा ढीग बंबामागं पडलाय, या बघायला."

फाटकापाशी कुणीतरी खुसकन हसलं. नानासाहेब मागं जाऊन आले. आत गेले, नोटा आणल्या, एकवीस हजार सहाशे पुरे केले आणि कडुबासमोर धरले. "घे बाबा. झालं ना आता?"

कडुबानं त्यातले धम्मपालचे चौऱ्याऐंशीशे मोजून त्याच्या हातात दिले. आपले खिशात घातले. पण हत्यारांची पिशवी उचलली नाही.

"मजुरी पोचली. आता दुसरं. माल चोरला, हे तुम्ही फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले."

"मी चोर शब्द नाही वापरला."

"माझ्या मजुरीतून अठरा हजार कापत होते. त्याला काय म्हणायचं?"

नानासाहेबांनी लक्ष्मीबाईंकडं पाहिलं. त्या पदर खोचून तशाच उभ्या.

"माल कुठं गेला नव्हता," नानासाहेब पुटपुटले. "माझी चूक झाली."

कडुबा पलंगाच्या कडेवर बसला. पलंग जरासुद्धा करकरला नाही.

"फाटकापर्यंत नाय गेलं," तो म्हणाला.