कुणी कुणाची बाजू घ्यायची नाही

शिरूरला फार्मसीच्या कॉलेजात आम्ही सहा जण होतो. तीन पोरी हॉस्टेलवर, तीन पोरं कॉलेजमागं खोली करून. रोल नंबर जवळचे म्हणून प्रॅक्टिकलची बॅच एक, बॅच एक म्हणून जेवण एकत्र, आणि जेवण एकत्र म्हणून दोस्ती. दोस्तीला याहून थोर कारण लागत नाही. आमचा एकच रिवाज होता. ज्याच्या गावची जत्रा, त्याच्या घरी सगळ्यांनी मटणाला जायचं. मी खुटबावची. माझी आई जत्रेच्या महिनाभर आधीपासून विचारायची, "पोरं येत्यात ना गं?"

दुसऱ्या वर्षी त्यातल्याच वरवंडच्या पोराशी माझं जमलं. चौघांना सांगितलं तर तिघांनी पार्टी मागितली. माझी रूममेट तेवढी म्हणाली, "मोडलं तर आमचे हाल हायत."

"शुभ बोल की गं जरा!" मी तिच्यावर खेकसले.

हाल जमल्याबरोबरच सुरू झाले होते, हे मला आत्ता कळतं. आम्ही दोघं भांडलो की सहाही जण मुकाट्यानं जेवायचे. माझा निरोप रूममेट न्यायची, त्याचा निरोप त्याच्या खोलीवरचा मित्र आणायचा. एकदा तर आमचं मिटलं आणि त्या दोघांचाच आठवडाभर अबोला चालला, आमच्या वतीनं.

दीड वर्षानं मोडलं. कारण सांगण्याजोगं नाही. त्याला बोललेलं ऐकू यायचं नाही आणि मला न बोललेलंही ऐकू यायचं. पण मोडताना आम्ही फार शहाणपणा केला. दोघांनी बसून मजकूर ठरवला आणि ग्रुपवर टाकला: आमचं संपलंय, कुणी कुणाची बाजू घ्यायची नाही, ग्रुप आहे तसाच राहील. खाली चार अंगठे आले. मला स्वतःचा अभिमान वाटला. येडपट कुठली!

कारण चौघांनी ते तंतोतंत पाळलं. अकराचा चहा माझ्याबरोबर, चारचा त्याच्याबरोबर. पंधरा दिवसांत एकाला ॲसिडिटी झाली. सिनेमाला मला बोलवावं तर त्याला काय सांगायचं? त्याला बोलवावं तर मला काय? मग न्याय म्हणून दोघांनाही बोलवेनात. ग्रुपवर फक्त वाढदिवस उरले. खोलीत रूममेट फोन घेऊन गॅलरीत जायची, हसून परत यायची.

"कुणाचा गं?"

"घरचा."

घरच्यांशी कुणी इतकं हसत नसतं. माझा जळफळाट व्हायचा. तो गेला ते मला सोसलं होतं, पण ही गॅलरीत जाते ते सोसत नव्हतं. एकदा जत्रेला सगळे माझ्या घरी पंगतीला बसले की गाडी रुळावर येईल, अशी मी आस धरून होते. ग्रुपवर लिहिलं, "रविवारी जत्रा. सगळ्यांनी या. सगळ्यांनी म्हंजी सगळ्यांनी." पुन्हा चार अंगठे.

रविवारी आईनं सहा जणांच्या हिशेबानं मटण रटरटवलं, भाकरीची चळत लावली. एक वाजता रूममेटचा मेसेज आला, "अगं जमंना, सबमिशन हाय." उरलेल्या तिघांचंही तेच. एकाच भाषेत.

दोन वाजता दारात गाडी थांबली. वरवंडचा एकटाच. आईनं त्याला परस्पर फोन केला होता. आमचं काय होतं आणि काय मोडलं, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. हा पोरगा मागून घेऊन जेवतो, एवढं तिला पुरे होतं.

"बाकीची कुठं राह्यली?" ती म्हणाली.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी दोघांची ताटं वाढली. आई आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "कवा येणारेत?"

"न्हाई येत. सबमिशन हाय म्हणं."

त्यानं डाव्या हातानं मोबाईल माझ्यापुढं सरकवला. त्याच्या मित्राचं स्टेटस होतं, लपवायचं राहून गेलेलं. चौघं घोडनदीच्या काठावर भेळ खात होते. माझी रूममेट तोंड वासून हसत होती. फोटो तासाभरापूर्वीचा होता.

"मला वाटलं, तुझ्याकडं तरी येतील," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

"म्हंजी माझ्यासाठी न्हाई आलास?"

"न्हाई."

कुणी दुसऱ्या वेळी असं बोललं असतं तर मी ताट उचललं असतं. पण मला बरंच वाटलं. "मीबी तुझ्यासाठी बोलवलं न्हवतं," मी म्हणाले. "त्यांच्यासाठीच बोलवलं होतं." आणि मग रडूच आलं. मोडलं तेव्हा त्याच्यासाठी आलं नव्हतं तेवढं. तोही मान खाली घालून नाक पुसत भाकरी कुस्करत राहिला.

आई पातेलं घेऊन बाहेर आली. दोघांचे डोळे बघून म्हणाली, "लई तिखट झालं व्हय रं?"

"न्हाई काकू, मस्त झालंय."

"मग खा की! एवढं कोण संपवणार?" तिनं त्याच्या ताटात डावभर ओतलं, माझ्या ताटात ओतलं. "पुढच्या जत्रंला समद्यांना घिऊन या. आपली चार पोरं राह्यली यंदा."

"व्हय," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.