बरोबरीचा पाचवा नंबर

आमच्या शेजारचे कंडक्टर रिटायर होऊन बरेच दिवस झाले, पण जिन्यात कोणी भेटलं की अजून अंग चोरून वाट देतात. बायको गेलेली, एकुलती एक मुलगी परगावी नर्सिंगच्या होस्टेलवर. बोलायला घरात चार भिंती, आणि पलीकडे मी. मी ऐकते कमी आणि बोलते जास्त, तेव्हा त्यांचं तसं काही फारसं भागत नसणार.

निकाल लागला त्या दिवशी मात्र त्यांनी माझं दार वाजवलं. आमच्या गावच्या हॉस्पिटलात पाचव्या नंबरपर्यंतच्या मुली घेतात, बाकीच्यांना लांब पाठवतात. मुलीला चारशे बारा गुण, आणखी एकीलाही तेवढेच. दोघी पाचव्या. म्हणून सहावा नंबर कोणालाच नाही, पुढची थेट सातवी. ही सातवी म्हणजे मुलीची खोलीतली मैत्रीण, गुण चारशे आठ.

कंडक्टरांनी लगेच मुलीच्या खोलीला जाड काळे पडदे शिवून घेतले. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असतं म्हणे. भर दुपारी दिवा लावून ते मला ती खोली दाखवत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मैत्रिणीने आपल्या पेपरची झेरॉक्स मागवली. चार गुणांचा एक प्रश्न तपासायचाच राहिला होता. पण ती फेरतपासणीला कचरत होती. कंडक्टरांच्या मुलीच्या आड आपण यायचं का, असं तिला वाटत होतं. हे कळल्यावर कंडक्टर मला घेऊन थेट नर्सिंगच्या ऑफिसात गेले, मैत्रिणीलाही तिथेच बोलावून घेतलं. जन्मभर भरल्या गाडीत ओरडलेला माणूस, पण खिडकीपलीकडे बाई बसलेली असली की ह्यांचा आवाज बसतो.

मीच विचारलं, "सातवीचे चार गुण वाढले तर पाचव्या मुलींचं काय?"

"काहीच नाही. चारशे बारा झाले की तीही पाचवीच," बाई म्हणाल्या. "बरोबरीत आली तर कोणी हलत नाही. पण एक जरी गुण जास्त मिळाला, तर ती वर आणि ह्या दोघी सहाव्या. आणि हो, अख्खा पेपर नव्याने तपासतात, एकच प्रश्न नाही."

मी कंडक्टरांना बाजूला ओढलं. "ऐकलंत ना? कशाला विकतचं दुखणं?"

"प्रश्न चारचाच आहे हो," ते म्हणाले. "आणि तिचे हक्काचे गुण आहेत. दोघी मिळून येतील, मुलीला सोबत होईल." मग मैत्रिणीकडे वळून म्हणाले, "भर गं अर्ज."

"काका, नक्की?"

"भर म्हणतो ना!"

फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच दूध द्यायला गेले होते. मुलगी इतक्या आनंदाने ओरडत होती की मला दारात ऐकू आलं. "बाबा, वाढले तिचे गुण!"

"चार ना?"

"पाच! आणखी एका उत्तराला एक वाढला!"

कंडक्टर खाटेवर बसले. चारशे तेरा. चौथीचे चारशे पंधरा, म्हणजे तिच्याखाली मैत्रीण एकटी पाचवी. त्यांचा हिशेब तिथल्या तिथे झाला होता, पोरीला अजून भानही नव्हतं. "छान झालं, तिला पेढे दे माझ्याकडून," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला संध्याकाळपर्यंत खूश राहू दे." मी दुधाचं पातेलं तसंच हातात घेऊन घरी परतले.

नवी यादी लागली. मुलगी आणि तिच्या बरोबरीची ती बिचारी, दोघी सहाव्या. एकाही गुणाचा फरक पडला नव्हता, तरी खाली आल्या. आठवी होती तिथेच राहिली, कारण तिच्यावर आधीही सात होत्या आणि आताही सातच. सातवा नंबर रिकामा झाला, पण कोणाच्या उपयोगाचा नाही.

मुलगी रडली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबरच केलंत," आणि लांबच्या गाडीत बसली. मैत्रीण आमच्या हॉस्पिटलात रुजू झाली. एकदा भेटायला आली, खाली मान घालून बसली. क्वार्टरच्या खिडकीतून ऊन येतं, दिवसा डोळा लागत नाही, असं सहज बोलून गेली. कंडक्टर उठले, स्टुलावर चढले आणि काळे पडदे काढून तिच्या हातात दिले.

ती गेल्यावर मी त्यांच्यावर जाम चिडले. "अहो, मुलगी सुट्टीला आली की दिवसा झोपेल कशी?"

"ती येईल तेव्हा रात्री झोपेल," ते म्हणाले.

आता भर दुपारी त्या खोलीत लख्ख ऊन असतं. कंडक्टर खाटेच्या कडेला बसलेले दिसतात, उरलेली जागा मोकळी ठेवून.