होती का, आहे का

…आणि मुकादमानं फोन केला तर साहेब पलीकडून काय म्हणाले? "उद्या बघू." इकडे माणसाचं बोट पहिल्या पेरापासून वेगळं होऊन मशीनखाली पडलेलं, आणि हे उद्या बघणार! म्हणून तर अख्ख्या कारखान्यात या मॅनेजरसाहेबांचं नावच उद्याबघू पडलं होतं. पगारपत्रकावर वेगळं असेल, ते कोणी वाचत नसे.

उजव्या हाताचं बोट गेलं प्रेसवाल्या दादाचं. कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवणारा. प्रेस खाली येते आणि पुठ्ठा कापते. तिला काय कळतंय मधे पुठ्ठा आहे की माणूस. ते कळावं म्हणून पुढे एक लोखंडी जाळी असते, जाळी बंद असल्याशिवाय प्रेस चालतच नाही. म्हणजे चालायला नको. पण जाळीमुळे तासाला चाळीस खोकी कमी निघतात, हा शोध साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी लावला, जाळी काढवली, प्रेस थांबवणारी तिची कळ तारेनं बांधून टाकायला लावली. काढलेली जाळी कोठाराच्या दारामागे उभी. तिच्यावर साहेबांचा हात पुसायचा नॅपकिन वाळत असे. तेवढा एकच माणूस त्या जाळीनं कोरडा राहिला.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बोट गेलं. मुकादम तिथंच उभा होता. त्यानं दादाचा हात फडक्यात बांधला, त्याला गाडीत घातलं, वाटेतून आधी साहेबांना फोन केला आणि मग काकूंना.

काकू म्हणजे ऑफिसातल्या कारकून. पस्तीस वर्षं हजेरीपटापासून अपघाताच्या वहीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखाली. माहेरी-सासरी कोण काय म्हणत असेल ते असो, इथं मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे 'काकू'च म्हणत. काकूंनी फोन ठेवला आणि आधी कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं: अकरा वीस. कारण नियम असा, की शरीराचा तुकडा तुटला की चोवीस तासांच्या आत कामगार सुरक्षा खात्याला कळवायचं. आणि चोवीस तास मोजायचे ते मालकाच्या माणसाला कळलं तेव्हापासून. मुकादम म्हणजे मालकाचाच माणूस. त्याला कळलं म्हणजे मालकाला कळलं.

बुधवारी साडेदहाला साहेब आले. केस चोपडे, नाक वर. नाकानं कांदे सोलणारी माणसं असतात ना, त्यातले.

"काकू, घाई नको. हॉस्पिटलचा कागद येऊ द्या. मग भरू."

"साहेब, मुदत अकरा वीसला संपते."

"कशी? मला आज कळलं. म्हणजे उद्या साडेदहापर्यंत वेळ आहे."

"काल मुकादमानं तुम्हाला फोन केला होता."

"फोनवर कळणं आणि अधिकृत कळणं यात फरक असतो."

काकूंनी चष्मा काढून पुसला. बोट काही अधिकृत तुटलं नव्हतं, तसंच आपलं तुटलं होतं, हे त्या मनात म्हणाल्या. तोंडानं म्हणाल्या, "मुकादमानं डोळ्यांनी पाहिलंय. घड्याळ तेव्हाच सुरू झालं. आणि डॉक्टरांचं जे माहीत नाही तिथं 'अजून माहीत नाही' असं लिहायला खातं परवानगी देतं, नंतर पुरवणी पाठवता येते. उशिराला मात्र पुरवणी नसते."

खात्याचा अर्ज संगणकावर उघडला. काही चौकटींच्या डोक्यावर लाल तारा. तारा म्हणजे भरल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. अपघाताची वेळ, मालकाला कळल्याची वेळ, इजा कुठल्या अवयवाला, यंत्र कुठलं. आणि मग ती चौकट: 'अपघाताच्या वेळी संरक्षक जाळी जागेवर होती का?' होय किंवा नाही.

साहेबांनी ती वाचली आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. उन्हाचा नव्हे.

"ही सोडा."

"तारा आहे."

"मग टिंब द्या. किंवा रेघ मारा."

"होय-नाही एवढंच आहे, साहेब. टिंबाला जागाच नाही."

साहेब तीरासारखे बाहेर गेले. काकूंना काचेतून दिसलं. फिटर, मुकादम आणि साहेब स्वतः. फिटरनं कोठारातून जाळी आणली. साहेबांनी आपल्या हातानं तिच्यावरचा नॅपकिन उचलून खांद्यावर टाकला, जणू फार मोठं काम केलं. पंधरा मिनिटांत जाळी मशीनला लागली. नटबोल्टला नवं तेल, जाळीला जुनी धूळ. ज्या जागेवर खात्याचा माणूस येऊन पाहील, ती जागा जशीच्या तशी ठेवायची असते, हे साहेबांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच नियमाचं पोस्टर त्यांच्याच खुर्चीमागे चिकटवलेलं होतं.

हात झटकत साहेब परत आले. चेहऱ्यावर पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराचं हसू.

"काकू, जा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. जाळी आहे की नाही?"

"आहे, साहेब."

"मग लिहा होय!"

काकूंनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, हे 'आहे का' विचारत नाहीत. 'होती का' विचारतात."

एवढंच. दोन अक्षरांचा फरक, पण त्या दोन अक्षरांत साहेबांची तीन पदोन्नत्यांची अक्कल अडकून पडली.

"तुम्ही भाषेचा कीस नका काढू," साहेब म्हणाले. आवाज चढला. "अर्ज तुमच्या नावानं जातोय. माहिती देणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे. उद्या मालकांनी विचारलं की हे कोणी भरलं, तर तुम्हाला इथं ठेवायचं की नाही हे मी ठरवणार. निवृत्तीला किती महिने राहिलेत तुमचे?"

"सात."

"मग?"

 काकूंना दादाचा कालचा हजेरीपट दिसत होता. उजव्या हातानं केलेली, एका ओळीत न राहणारी सही. आणि होय लिहिलं तर काय होईल तेही दिसत होतं. खातं म्हणेल, जाळी होती म्हणजे कामगारानंच हात मुद्दाम आत घातला. सगळा दोष त्याच्या माथी. चार दिवसांनी जाळी पुन्हा दारामागे, आणि प्रेसवर दुसरा कोणी दादा.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मालक. साहेब कमरेत वाकूनच बोलतात मालकांशी, फोनवर दिसत नसलं तरी. "हो सर, सगळं आटोक्यात आहे सर," म्हणत ते व्हरांड्यात गेले.

काकूंनी 'नाही' निवडलं. खालच्या वर्णनाच्या चौकटीत लिहिलं: जाळी दोन महिन्यांपूर्वी काढली होती, कळ तारेनं बांधलेली होती, अपघातानंतर आज सकाळी जाळी पुन्हा बसवली. डॉक्टरांच्या चौकटीत: अजून माहीत नाही, पुरवणी पाठवू. कळल्याची वेळ: मंगळवार, अकरा वीस. स्वतःचं नाव पूर्ण. अर्ज पाठवला. पडद्यावर नोंदणी क्रमांक आला, खाली वेळ. काकूंनी दोन प्रती छापल्या, एक अपघाताच्या वहीत चिकटवली.

साहेब परत आले, प्रत वाचली आणि ओठ पांढरे पडले. उद्या बघायला आता उद्याच उरला नव्हता. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी गळा साफ करून, जवळ झुकून, पहिल्यांदाच गोड आवाजात म्हणाले, "काकू, खात्याचा फोन येईल. विचारलं तर एवढंच सांगा, घाईत चुकून 'नाही' दाबलं गेलं."

काकूंनी वही बंद केली.

"घाईत नाही दाबलं, साहेब. अकरा वाजून सात मिनिटांनी दाबलं. अजून तेरा मिनिटं हाताशी होती. विचारलं तर हेच सांगेन."