गेटसभा आणि पॅकिंगचं रजिस्टर

"त्या टर्नरला पुन्हा त्याच्या लेथवर बसवले ते गेटसभेने. विभागीय प्रतिनिधीने त्याला मान खाली घालून पॅकिंगमध्ये जाण्याचा सल्ला दिला होता. कामगारांनी मात्र गेटवर मुठी आवळल्या आणि त्याच संध्याकाळी व्यवस्थापन नमले."

आमच्या युनियनच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतील हा उतारा आहे. लिहिणारे गृहस्थ त्या काळी सरचिटणीस होते. ज्या विभागीय प्रतिनिधीचा उल्लेख त्यांनी इतक्या उदारपणे नाव गाळून केला आहे, तो मी. पॅकिंगमध्ये जाण्याचा सल्ला मी दिला, हे खरे आहे. बाकीचे सर्व खोटे आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा आमचा यंत्रभागांचा कारखाना होता. हा टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा कारागीर, वैजापूरकडचा, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहणारा. त्याच्या हाताचा शाफ्ट तपासायला इन्स्पेक्टर मायक्रोमीटर लावायचा तो केवळ रिवाज म्हणून. नवा लेथ आला तेव्हा तो त्यालाच मिळाला, आणि हेच फोरमनला सलत होते. फोरमनचा मेहुणा त्याच विभागात होता. एका सोमवारी टर्नरच्या हातात लेखी आदेश पडला: पॅकिंगमध्ये माणसे अपुरी असल्याने पुढील सूचनेपर्यंत तिथे हजर व्हावे. दुपारपर्यंत नव्या लेथवर मेहुणा उभा होता. लाकडी खोक्यांना खिळे ठोकत वर्षभर काढले की टर्नरचा टर्नर राहत नाही, हे त्यालाही कळत होते आणि मलाही.

कँटीनच्या मागे सरचिटणीस त्याला सांगत होते, "हलायचं नाय. लेथ धरून उभा राहा. कोण हात लावतो ते बघू."

मी म्हणालो, "आधी पॅकिंगला जा."

टर्नर माझ्याकडे पाहतच राहिला. "काका, तुमी पन? ही खोकी ठोकायला शिकलो व्हय मी?"

"आज जा. तक्रार उद्या."

"घ्या!" सरचिटणीस हसले. "आपल्या काकांना साहेबाच्या केबिनमधला चहा लई गोड लागतो."

हे वाक्य मी चाळीस वर्षे बाळगून आहे. चहा मी पीतच नाही.

माझे म्हणणे साधे होते. आमच्या युनियनने आणि व्यवस्थापनाने सही केलेल्या तक्रार निवारण पद्धतीत एक कलम होते: तक्रार एखाद्या आदेशाविरुद्ध असेल, तर तो आदेश आधी पाळावा आणि मग तक्रार करावी. आदेश मोडला असता तर प्रश्न बदलला असता. बदली योग्य होती की नाही, हे कोणीच विचारले नसते. आज्ञाभंग झाला की नाही, एवढेच विचारले असते आणि हातात आरोपपत्र आले असते. फोरमन नेमकी त्याचीच वाट पाहत होता. सरचिटणिसांनी त्या कागदावर सही केली होती. वाचला मात्र नव्हता. माझे वडील निजामाच्या महसूल कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर सरकार बदलले, कचेरीची भाषा बदलली, पण पोच घेतल्याखेरीज अर्ज सोडायचा नाही हा त्यांचा नियम बदलला नाही. तो माझ्या हाडात आहे.

टर्नर पॅकिंगला गेला. माझ्यावर चिडूनच, पण गेला.

पहिली पायरी तोंडी होती. मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता त्याने माझ्यासमक्ष फोरमनला तक्रार सांगितली. उत्तराला अठ्ठेचाळीस तासांची मुदत होती.

"अठ्ठेचाळीस तास?" फोरमन म्हणाला. "मी काय घड्याळजी आहे? बघू सवडीने."

मी वेळ लिहून घेतली. गुरुवारी साडेनऊपर्यंत उत्तर आले नाही, तेव्हा दहा वाजता लेखी तक्रार विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही घेतली. त्यांना तीन दिवसांत उत्तर देणे भाग होते. उत्तर वेळेत आले: बदली प्रशासकीय सोयीसाठी असून तीत बदल होणार नाही. ते वाचून टर्नरने कागदाचा बोळा करायला घेतला. मी तो हिसकावून घेतला. नकार हातात नसेल तर तिसऱ्या पायरीवर जायचे कशाच्या बळावर?

तिसरी पायरी म्हणजे तक्रार समिती. व्यवस्थापनाचे दोन, युनियनचे दोन, सात दिवसांत शिफारस. शिफारस एकमताची असेल तर व्यवस्थापनाने ती अमलात आणायचीच. मतभेद झाला तर मॅनेजरचा शब्द अखेरचा, आणि मॅनेजर फोरमनच्या बाजूचा होता. म्हणजे मला समोरच्या दोघांचेही मत हवे होते. मुठी आवळून ते मिळत नाही.

ते मिळवून दिले टर्नरने, आणि तेही पॅकिंगमध्ये उभे राहून. एका सकाळी तो स्वतःहून माझ्याकडे आला. "काका, एक इचारू? मानसं कमी म्हनून मला तिथं पाठवलं ना? मग तिथले दोघं रोज गेस्ट हाऊसला हिरवळ लावायला कशापायी जातेत?"

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावले.

समितीपुढे व्यवस्थापनाचे दोघे बसले होते, एक कामगार अधिकारी आणि एक जुने, कडक इंजिनिअर. माझ्याबरोबर आमच्या विभागाचा एक अबोल फिटर होता. इंजिनिअरचा पहिलाच प्रश्न आला, "आदेश पाळला का?"

"त्याच दिवशी, साहेब. हजेरी पाहा."

त्यांनी पाहिली आणि मान हलवली. टर्नर लेथ धरून उभा राहिला असता तर बैठक तिथेच संपली असती. मग मी पॅकिंगच्या मुकादमाला बोलावण्याची विनंती केली. दौलताबादचा तो वयस्क माणूस रजिस्टर काखेत घेऊन आला.

"मामू, तुमची माणसं कमी आहेत का?" मी विचारले.

"मेरेकू क्या पूछते? रजिस्टर देखो ना. दो आदमी रोज गेस्ट हाऊस जाते. घास लगाने. मैंने आदमी मांगेच नै थे."

इंजिनिअरने रजिस्टर स्वतःकडे ओढले आणि पानामागून पान उलटले. टर्नरच्या आदेशाच्या सोमवारीही ती दोन नावे बाहेर होती. कामगार अधिकारी काहीतरी पुटपुटले. "गवत?" इंजिनिअर म्हणाले. "टर्नर खोकी ठोकतो आणि पॅकर गवत लावतो?" शिफारस एकमताने झाली: मूळ जागी, त्याच यंत्रावर. मॅनेजरला निर्णय कळवायला तीन दिवस होते. त्याने तिन्ही वापरले, आणि तिसऱ्या दिवशी सही केली. त्यापुढची अपिलाची पायरी चढायची वेळच आली नाही.

मॅनेजरने सही केलेल्या पत्राची प्रत मी सरचिटणिसांना दाखवली.

"पण सभा ठरलीय," ते म्हणाले. "हँडबिलं छापून झालीत."

"मग दुसरा विषय घ्या."

"काका, तुम्ही कागद सांभाळा. गेट आमचं."

सभा झाली. भाषणे जोरदार झाली, असे मी ऐकले. त्याच भाषणांचा आता इतिहास झाला आहे, आणि मी त्यात मान खाली घालायला लावणारा म्हातारा. सरचिटणिसांनी हवे ते छापावे. त्यांच्या सभेत ज्याच्यासाठी घोषणा चालल्या होत्या, तो टर्नर गेटवर नव्हताच. त्या वेळी तो आत नव्या लेथवर शाफ्ट कापत होता. चार दिवसांपासून.