बदामाचं दूध आणि चोथ्याची बर्फी

मी निंबोल्याच्या शाळेत मास्तर आहे. शिकवण्याची सवय घरीही सुटत नाही, आणि कुणी मध्ये बोललं की माझा आवाज चढतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

लेक सव्वा वर्षाची असताना तिला जुलाब लागले. आईचं दूध नुकतंच सुटलं होतं आणि वरचं दूध दिलं की जुलाब वाढायचे. डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस दूध थांबवा, दही चालेल. मी त्यातलं ‘दूध थांबवा’ एवढंच धरलं. जुलाब आठवड्यात थांबले, दूध मात्र थांबलेलंच राहिलं. ‘हिला दूध पचत नाही’ असं मी सगळ्यांना सांगू लागलो. दह्यालाही बंदी केली. ते दुधाचंच ना!

मग मोबाईलवर पाहून मी बदामाचं दूध काढायला लागलो. रात्री दहा बदाम भिजवायचे, सकाळी सोलायचे, मिक्सरमध्ये अर्धा लिटर पाण्यात फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळायचं. पांढरंशुभ्र निघायचं. बायकोला सकाळी ड्युटीला जायची घाई, म्हणून हे काम माझं, आणि मला त्याचा फार अभिमान होता. रविवारी बदल म्हणून ओट्सचं. सोयाबीनचंही एकदा केलं, पण त्याचा वास मलाच सहन झाला नाही.

आई दोनदा म्हणाली, “पोरगी वायून राहिली रे, पार काडी झाली. थोडं दूध देऊन पाहू का?”

“तुला काय कळतं त्यातलं?” मी ओरडलो. “माझ्या मागं देशील तर याद राख.”

तीन महिन्यांनी अंगणवाडीच्या ताईंनी लेकीला वजनकाट्यावर ठेवलं. तिच्या वजनाच्या कार्डावरची रेघ वर जायची ती आडवी झाली होती. “सर, वजन जागचं हललं नाही,” त्या म्हणाल्या, “बच्चों के डॉक्टरला दाखवा.” मला राग आला. काटा बिघडला असेल असंही म्हणून पाहिलं. त्यांनी शेजारचं एक पोर काट्यावर ठेवलं. काटा ठीक होता.

बालरोगतज्ज्ञ बाई शांत होत्या. दिवसभरात काय देता, विचारलं. मी पोळी-वरणाचे दोन घास, केळं, आणि मागेल तेव्हा बदामाचं दूध, असं सांगितलं. कृतीही सांगितली, जरा ऐटीत.

“चोथ्याचं काय करता?”

“बर्फी. साखर घालून.”

“कोण खातं?”

“आम्हीच. शाळेतही नेतो.”

त्या हसल्या नाहीत. “मास्टर साहब, मग बदाम तुम्ही खाल्ले. बच्ची को पानी मिला.”

पांढऱ्या रंगावर जाऊ नका, त्या म्हणाल्या. त्यात प्रोटीन नाममात्र, कॅल्शियम जवळपास नाही, बी-ट्वेल्व्ह आणि डी तर नाहीच. ओट्सचंही तेच. आणि त्या पाण्यानं पोट भरतं म्हणून पोर जेवत नाही. सोयाबीनच्या दुधात, नीट उकळलं तर, प्रोटीन बरं असतं, पण बाकीचं घरी कोण घालणार? ज्या मुलाला खरोखर दुधाची ॲलर्जी असते, त्याला डॉक्टरच्या सल्ल्यानं कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घातलेलं विकतचं सोया दूध चालतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तेही नाही. त्याला आईचं दूध, नाहीतर डॉक्टर सांगेल ते डब्यातलं बाळाचं दूध.

दुधानं कधी अंगावर चट्टे? उलट्या? शौचातून रक्त? यातलं काहीच नव्हतं. “जुलाबात आतडं थकतं, तेव्हा दूध काही दिवस पचत नाही. नंतर बहुतेकांना पचतं. तुम्ही परत देऊन पाहिलंच नाही.” रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आम्ही सगळे शाकाहारी. दूध-दही सोडून तिला ते मिळणार होतं कुठून? औषध सुरू झालं. आधी दही, मग थोडं थोडं दूध, आणि रोज दुधाच्या आधी जेवण, असं ठरलं.

घरी येऊन मी आईला म्हणालो, “वाटीत दही घे, तिला भरव.” आई वाटी घेऊन उभीच राहिली. “नक्की देऊ ना?” तिनं दोनदा विचारलं. लेकीनं वाटी चाटूनपुसून साफ केली. जुलाब झाले नाहीत. आठवड्यानं दूधही पचलं.

महिन्याभरानं अंगणवाडीत वजन वाढलेलं दिसलं, अर्ध्या किलोहून थोडंसंच कमी. मी धावतच घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी तवाच चोरून देणार होती. डब्यात दही लपवून पण ठेवलं होतं. पण तू चिल्लावतो ना, मले भेव वाटलं.”

तिनं ते दही फेकून दिलं होतं. माझ्या भीतीनं.