झाकणाच्या स्विचला बांधलेला दोरा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी आवडत नाही आणि मलाही तो आवडत नाही. हे लग्नाच्या मांडवातच ठरलं होतं. त्यानंतर दोघांनीही ते कधी लपवलं नाही. तो मला 'साळेसाहेब' म्हणतो. त्यातला 'साहेब' ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्याचा वर्ध्याला गादी-रजईचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एका बाजूला कापसाचे ढीग, मधे पिंजायचं मशीन आणि दाराशी त्याची स्वतःची बैठक. मशीन ताई चालवते. तो बैठकीवर बसून गिऱ्हाईक पाहतो. माझं हिंगणघाटला मोटरची वायर नव्याने भरण्याचं आणि पॅनल बांधण्याचं दुकान आहे. त्यामुळे त्याची मोटर जळली की मी साळेसाहेब असलो तरी चालतो.

यंदा पावसाळा संपता संपता ताईचा फोन आला. आवाज साधाच होता. म्हणाली, "बाबू, मशीननं माह्या बांगड्या खाल्ल्या."

पिंजायच्या मशीनमध्ये एक जड रोलर असतो, त्यावर लोखंडी दात. समोरून कापूस सारायचा, रोलर तो फोडून मोकळा करतो. वर झाकण असतं. कापूस अडकला की झाकण उघडून काढायचा, आणि सगळे तो चालत्या मशीनमधूनच काढतात. ताईच्या बांगड्या दातांत गेल्या, फुटल्या, मनगटावर एक ओरखडा उमटला. तेवढ्यावर निभावलं. मी दुसऱ्याच दिवशी बॅग उचलली आणि एसटी पकडली.

भाऊजींनी स्वागत केलं, "या साळेसाहेब. बांगडीपायी माहा धंदा बंद करा आता."

"मनगटापायी बंद करून राह्यलो," मी म्हणालो. मेनचा फ्यूज काढून खिशात घातला आणि मीटर लावून वीज गेल्याची खात्री केली. फ्यूज खिशात असला की कुणी मधेच चालू करत नाही. शिवाय भाऊजींना माझ्या खिशात हात घालून तो काढता येत नाही, याचंही मला सुख होतं.

त्या मशीनला नुसता एक खटका होता, भिंतीवर, तोही कापसाच्या ढिगामागे. मी नवीन कॉन्टॅक्टर बसवला. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरला वीज देणारा मोठा स्विच, तो स्वतः एका छोट्या कॉइलच्या जोरावर मिटतो. कॉइलची वीज गेली की तो उघडतो आणि मोटरची वीज तुटते. म्हणून सगळी राखण त्या कॉइलच्या वायरवर करायची. मी ती वायर आधी लाल बटनातून नेली, ताईच्या उजव्या हाताशी, मोठं भुईछत्रीसारखं बटन, तळहाताने थाप मारली तरी दबणारं आणि पिळल्याशिवाय वर न येणारं. तिथून झाकणाच्या स्विचमधून, आणि मग हिरव्या बटनातून कॉइलला. हिरव्याला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक कॉन्टॅक्ट जोडला, म्हणजे बोट काढलं तरी कॉइल धरून राहते. साखळीतली एक कडी कुठेही तुटली की सगळं सुटतं, आणि पुन्हा कुणीतरी हिरवं दाबेपर्यंत सुटलेलंच राहतं.

हिरवं बटन मी मशीनच्याच खांबावर लावलं. झाकण दिसेल अशा जागी, पण झाकणात हात असताना पोचणार नाही इतकं लांब.

एकच गोष्ट मनासारखी झाली नाही. झाकणाचा स्विच बिजागरीकडे हवा होता. तिथला पत्रा गंजून चाळण झालेला, नवी पट्टी वेल्ड करायला मशीन आणखी एक दिवस उभं ठेवावं लागलं असतं. भाऊजी म्हणाले, "एक दिवस नाई, एक घंटाबी नाई." म्हणून स्विच समोरच्या कडेला लावला. झाकण बसलं की त्याचं पुढे आलेलं बोंड दाबलं जाई आणि वीज चालू राही. झाकण उचललं की बोंड वर, वीज बंद.

मग फ्यूज लावून तपासलं. चालत्या मशीनचं झाकण उचललं, मोटर बंद. झाकण लावलं, मशीन आपोआप सुरू झालं नाही. हिरवं दाबलं, सुरू. लाल दाबलं, बंद. लाल पिळून वर काढलं, तरीही बंदच. वीज गेल्यावरही जड रोलर काही वेळ फिरत राहतो, म्हणून झाकणात काच बसवली होती. ताईला सांगितलं, "आधी लाल दाब. काचेतून एकेक दात वेगळा आन् थांबलेला दिसेपर्यंत थांब. मंगच उघडजो. हा झाकणाचा स्विच तू विसरली त्या दिवसासाठी आहे."

भाऊजी म्हणाले, "दिवसातून कितीदा थांबन हे?"

"कापूस अडकन तितक्यांदा."

"मंग झाली रजई तयार. पुढच्या थंडीले."

मी चहा न घेता निघालो. ताईने आग्रह केला नाही.

भाऊबीजेला गेलो. थंडीचा हंगाम तोंडावर, त्यामुळे सणालाही शेड चालू. ताई मशीन तसंच सोडून घरात पाट मांडायला गेली होती, तोवर मी शेडमध्ये डोकावलो. मशीन चालू होतं, समोर कुणी नव्हतं. झाकण चांगलं वीतभर उघडं होतं. आणि रोलर गरागरा फिरत होता.

मी लाल बटनावर थाप मारली, मेन बंद केला, फ्यूज काढला. मग पाहिलं. झाकणाच्या स्विचचं बोंड गादी शिवायच्या जाड दोऱ्याने करकचून खाली बांधलेलं होतं. स्विचच्या लेखी झाकण कायम लागलेलं. आणि खांबावरचं हिरवं बटन नव्हतंच. तिथे दोन भोकं होती, आणि तिथून एक वायर पत्र्याच्या कडेकडेने, ढिगामागून, थेट भाऊजींच्या बैठकीपर्यंत गेली होती. हिरवं बटन त्यांच्या गल्ल्याच्या टेबलावर, खालून स्क्रू मारून, पक्कं केलं होतं.

तिथून झाकण दिसत नव्हतं. मधे कापसाचा ढीग होता. ताईने लाल दाबून आत हात घातला, नंतर लाल पिळून सोडलं आणि राहिलेली कापसाची गुंतवळ काढायला पुन्हा हात घातला, तर या माणसाने तिथे बसल्या बसल्या हिरवं दाबलं असतं आणि मशीन सुरू झालं असतं. दोरा बांधलेला, स्विच आंधळा. त्याला अडवणारं काही उरलं नव्हतं.

मी बाहेर आलो आणि सणवार, शेजारपाजार काही पाहिलं नाही.

"बटन कोनं हलवलं?"

"म्या," भाऊजी शांतपणे म्हणाले. "मशीन कवा बंद पडते, किती वेळ पडते, मले कळाले नको काय? माहं मशीन आहे."

"आन् दोरा? तोबी तुमीच बांधला न? बायकोचा हात गेला असता तर कापसात भरून विकला असता काय?"

"तोंड सांभाळा साळेसाहेब. दोरा म्या नाई बांधला."

"खोटं बोलता! सणाच्या दिवशी खोटं बोलता!"

ते उठून उभे राहिले, मीही दोन पावलं पुढे गेलो. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला, आणि मला त्याचाही राग आला. "दाखवतो तुमाले," म्हणून मी आत गेलो. दोरा कापून आणून त्यांच्या तोंडावर फेकायचा होता.

कात्री लावली आणि थांबलो.

ती गाठ मला ओळखीची होती. आमच्या गावी, वडनेरला, आई पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, मोळी अशी बांधायची. दोर दोनदा फिरवून, टोक खालून काढून, उलटं ओढून. घट्ट बसते आणि ओढली की आणखी घट्ट होते. आईने ती आम्हा दोघांनाच शिकवली होती. भाऊजी शहरातले, ते गादीचा गठ्ठा दुकानदारासारखा बांधतात, वर फुली आणि फासा.

मागे ताई उभी होती. हातात ओवाळणीचं ताट, निरांजन अजून लावलेलं नव्हतं.

"मी बांधला," ती म्हणाली. "त्याइले काई बोलू नको."

"काऊन?"

"झाकण उघडलं का बंद पडे. बंद पडलं का त्याइले सांगा लागे, बटन दाबा म्हनून. ते म्हनत, पुन्हा? मले सकाळपासून संध्याकाळलोक ते 'पुन्हा' आयकू येत होतं." ती ताटाकडे पाहत होती. "मशीनले भेत नाई मी. त्या 'पुन्हा'ले भेते."

मी तो दोरा कापून काढला. भाऊजी ढिगापलीकडे उभे होते आणि त्यांनी हे ऐकलं होतं. मला अजून त्यांची कीव आलेली नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

"पाटावर बस," ताई म्हणाली. "ओवाळते. पन ओवाळणीत साडी नको मले. ते हिरवं बटन माह्यापाशी आणून दे."

मी पाटावर बसलो नाही. आधी काम केलं. गिरणीवाल्याकडून वेल्डिंगवाल्याला निरोप धाडला, बिजागरीपाशी नवी पट्टी मारून घेतली. स्विच तिथे हलवला आणि त्याचा दुसरा कॉन्टॅक्ट वापरला, मोकळा असताना जोडलेला राहणारा. बिजागरीवर एक उंचवट्याची पट्टी बसवली. झाकण लागलेलं असताना बोंड मोकळं, वीज चालू. झाकण उचलायला लागलं की ती पट्टी स्वतः बोंड दाबते आणि कॉन्टॅक्ट ढकलून तोडते. आता दोऱ्याने बोंड दाबून बांधलं तर मशीन चालूच होणार नाही. आईची गाठसुद्धा उपयोगाची नाही.

मग भाऊजींच्या टेबलाशी गेलो. ते हटले नाहीत. मी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे वाकून स्क्रू काढले. मुद्दाम हळू काढले. बटन खांबावर त्याच दोन भोकांवर बसवलं आणि ढिगामागची वायर पूर्ण उपसून गुंडाळून बॅगेत टाकली.

फ्यूज लावला. सगळं पुन्हा तपासलं. ताईने ओवाळलं तेव्हा माझे हात ग्रीसने काळे होते. तिने तसाच टिळा लावला. जेवायला भाऊजी आणि मी समोरासमोर बसलो, करंजीचं ताटसुद्धा एकमेकांकडे सरकवलं नाही.

निघताना शेडवरून गेलो. ताई मशीनवर बसली होती. कापूस अडकला. तिने लाल बटन दाबलं आणि हात मांडीवर ठेवून काचेत पाहत राहिली. रोलर फिरत राहिला, मग मंदावला.

ढिगापलीकडून आवाज आला, "पुन्हा?"

काचेत एकेक दात वेगळा आणि थांबलेला दिसला तेव्हा ताईने झाकण उघडलं, गुंतवळ काढली, पुन्हा एकदा आत नीट पाहिलं, झाकण लावलं. लाल पिळून सोडलं. मग उठून खांबाशी गेली आणि हिरवं स्वतः दाबलं.